वाय-फाय मिनिटभर जातं कुठे?

व्हिडिओ कॉल चांगला चाललेला असतो. समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात गोठतो, आणि मिनिट-दीड मिनिटाने सगळं पुन्हा सुरळीत होतं. इंटरनेटवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, लाईन ठीक आहे. बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो, कारण इंटरनेट गेलेलंच नसतं. गेलेलं असतं ते राउटर आणि तुमचा लॅपटॉप यांच्यामधलं हवेतलं बोलणं. त्याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक असं आहे की राउटरला हवेत रडारची चाहूल लागली आणि तो नियमाप्रमाणे आपली जागा सोडून पळाला.

राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांत काम करतो, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. वेग मिळतो तो 5 च्या पट्ट्यात. या पट्ट्याचे वीस-वीस मेगाहर्ट्झचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना चॅनेल म्हणतात. 36 ते 48 आणि 149 च्या पुढचे चॅनेल बिनबोभाट वापरता येतात. मधले 52 ते 64 आणि 100 ते 144 मात्र असे आहेत की तिथे रडार आधीपासून नांदत होते, हवामानाचे आणि लष्कराचेही. 2003 साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने या जागेत वाय-फायला शिरकाव दिला, पण एका अटीवर: रडार ऐकू आला की चॅनेल रिकामा करायचा. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्येही हीच अक्षरं दिसतात.

अट ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात तीन वेगवेगळी घड्याळं आहेत आणि आपल्याला होणारा त्रास त्यांच्यातूनच येतो. पहिलं घड्याळ साठ सेकंदांचं. अशा चॅनेलवर जाण्याआधी राउटरने पूर्ण एक मिनिट काहीही न बोलता नुसतं ऐकायचं. लाईट जाऊन आली की 2.4 चं नाव फोनवर लगेच दिसतं आणि 5 चं उशिरा उगवतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. युरोपात 5600 ते 5650 मेगाहर्ट्झच्या भागात, म्हणजे हवामान रडारच्या खास हद्दीत, हा वेळ दहा मिनिटांचा आहे. दुसरं घड्याळ दहा सेकंदांचं: काम चालू असताना रडार सापडला तर तेवढ्यात चॅनेल सोडायचा. तिसरं तीस मिनिटांचं: सोडलेल्या चॅनेलकडे अर्धा तास फिरकायचं नाही.

आता एक उदाहरण घेऊ. राउटर 100 क्रमांकाच्या चॅनेलवर आहे. चॅनेलच्या आकड्याला पाचने गुणून पाच हजार मिळवले की मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे 100 म्हणजे 5500. लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राउटरांच्या नोंदवहीत अशा ओळी सापडतात (मधले तपशील गाळले आहेत):

```
DFS-RADAR-DETECTED freq=5500
DFS-NEW-CHANNEL freq=5180 chan=36
AP-CSA-FINISHED freq=5180 dfs=0
DFS-NOP-FINISHED freq=5500
```

पहिली ओळ म्हणते रडार सापडला, दुसरी म्हणते 36 वर जायचं ठरलं. या वेळी राउटर आपल्या उपकरणांना सांगून निघतो: अमुक क्षणी मी अमुक चॅनेलवर असेन. फोनने ही सूचना ऐकली आणि पाळली तर तोही बरोबर जातो आणि तुम्हाला पुसटसा झटका बसतो. जुना टीव्ही किंवा स्वस्तातला कॅमेरा ती ऐकतोच असं नाही. मग तो रिकाम्या चॅनेलवर राउटरची वाट पाहत बसतो, थकतो, आणि नव्याने शोध सुरू करतो. शेवटची ओळ अर्ध्या तासाने येते: आता 100 पुन्हा मोकळा.

36 वर लगेच बोलता येतं, म्हणून इथे झटका लहान आहे. पण राउटरने समजा 100 सोडून 52 निवडला, तर तिथेही आधी साठ सेकंद ऐकणं आलंच. त्या मिनिटात 5 चा पट्टा घरातून पुरता नाहीसा होतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर फोन गुपचूप 2.4 वर घसरतो आणि नंतर बराच काळ तिथेच रेंगाळतो, आणि आपण म्हणतो, आज नेट हळू आहे.

मग काही घरांत हे रोज होतं आणि शेजारी कधीच नाही, असं का? एक कारण अर्थातच रडारचं अंतर आणि दिशा. मुंबईत अंधेरीजवळच्या वेरावलीला हवामान खात्याचा सी-बँड रडार आहे, आणि सी-बँडचे हवामान रडार सहसा 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. पण माझ्या मते दुसरं कारण जास्त घरांना लागू पडतं, ते म्हणजे चॅनेलची रुंदी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं 160 मेगाहर्ट्झ म्हणजे आठ चॅनेल एकत्र जोडणं. 36 पासून सुरू केलं तरी 64 पर्यंत जावं लागतं, म्हणजे अर्धा भाग रडारच्या हद्दीत. आठांपैकी एकातही रडार ऐकू आला तरी राउटरला तो सगळा पट्टा सोडावा लागू शकतो. जितकं रुंद अंथरूण, तितकी पाय पडण्याची शक्यता.

शिवाय राउटर चुकतोही. रडारचा स्पंद सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाएवढा असतो आणि ठराविक लयीत पुन्हा पुन्हा येतो. राउटर ती लय ओळखायला बघतो. शेजारच्या राउटरचा एखादा तुटक आवाज त्याला तसाच वाटू शकतो. सुटलेला रडार हा नियमभंग असतो आणि खोटी हाक हा फक्त ग्राहकाचा मनस्ताप, म्हणून उत्पादक शंकेचा फायदा रडारला देतात.

हा हट्ट का, ते अमेरिकेत कळतं. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरताना डेल्टाचं 191 क्रमांकाचं विमान वादळी ढगातून कोसळणाऱ्या हवेच्या झोतात सापडलं आणि 137 माणसं गेली. असे झोत आधी दिसावेत म्हणून पुढे मोठ्या विमानतळांजवळ खास रडार उभारले गेले, 5600 ते 5650 मध्ये. 2009 मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या अशा रडारच्या पडद्यावर केंद्रापासून कडेपर्यंत जाणाऱ्या सरळ रेघा उमटू लागल्या. शोध घेतल्यावर त्या उंच जागी बसवलेल्या बिनतारी इंटरनेटच्या यंत्रांच्या निघाल्या. हे रडार पावसाच्या थेंबांवरून परतणारा अतिक्षीण प्रतिध्वनी ऐकतात, त्यामुळे लांबच्या लहानशा यंत्राचा आवाजही तिथे ढगासारखा दिसतो. काही यंत्रांत रडार ओळखण्याची सोय चालू नव्हती किंवा नीट चालत नव्हती. नंतर दंडाच्या नोटिसाही निघाल्या.

म्हणून राउटरमध्ये देश बदलून किंवा डीएफएस बंद करून पळवाट काढू नये. त्याची गरजही नाही. आधी फोनवर वाय-फाय दाखवणारं एखादं ॲप घेऊन चॅनेलचा आकडा बघा. खंड पडण्याआधी तो 52 ते 144 मध्ये असेल आणि नंतर 36 किंवा 149 दिसत असेल, तर संशय पक्का होत जातो. नोंदवहीत radar शब्द मिळाला तर प्रश्नच मिटला. मग सेटिंगमधलं Auto काढून 36 किंवा 149 निवडा आणि रुंदी 80 करा. दोन्ही बदल एकत्र करायला हवेत, कारण रुंदी 160 च ठेवली तर 36 निवडूनही राउटर रडारच्या हद्दीत जातोच. दाटीच्या इमारतीत याची किंमत मोजावी लागेल, कारण हे मोकळे चॅनेल सगळ्यांनाच हवे असतात आणि संध्याकाळी तिथे गर्दी होते. तेव्हा वेग थोडा उतरेल, पण कॉल मध्येच गोठणार नाही. ज्याच्या घराभोवती वस्ती विरळ आणि रडार दूर, त्याने मात्र मधले चॅनेल खुशाल वापरावेत. तिथे कित्येक दिवस एकही हाक येत नाही आणि जागा जवळपास रिकामी मिळते.