परिच्छेदाकडून वेळापत्रकाकडे : पीकसल्ल्याचे रूपांतर

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

- पीकसल्ल्याच्या परिच्छेदातील कालवाचक शब्दप्रयोगांचे प्रकार ओळखणे.
- पेरणीची तारीख आधारबिंदू मानून इतर कामांच्या तारखा काढणे.
- ज्या सूचनेला तारीख देता येत नाही, ती वेळापत्रकात योग्य रीतीने मांडणे.

प्रास्ताविक

कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, दैनंदिनी आणि वृत्तपत्रांतील शेतीविषयक सदरे यांत पिकाविषयीचा सल्ला बहुधा सलग परिच्छेदात दिलेला असतो. शेतकऱ्याला मात्र 'आज काय करायचे आहे' हे हवे असते. परिच्छेद विषयानुसार रचलेला असतो, म्हणजे आधी बियाणे, मग खत, मग पाणी, मग फवारणी. शेतातले काम दिवसानुसार चालते. विषयक्रमाचे कालक्रमात रूपांतर करणे हे भाषेचे काम आहे आणि ते करताना एखादा शब्द निसटला तर त्याची किंमत संपूर्ण हंगामाला मोजावी लागते. या उपघटकात आपण बागायती गव्हाचे एकच उदाहरण घेऊन हे रूपांतर टप्प्याटप्प्याने करू.

मूळ परिच्छेद

पुढील नमुना परिच्छेद अभ्यासासाठी रचला आहे. तो प्रथम सावकाश वाचा.

> बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शेत ओलवून वाफसा आल्यावर करावी. हेक्टरी १०० किलो बियाणे वापरावे. हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे. त्यांपैकी अर्धे नत्र आणि संपूर्ण स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी द्यावे. उरलेले नत्र खुरपणी करून पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. मुकुटमुळे फुटण्याची (१८ ते २१ दिवस), कांडी धरण्याची (४० ते ४५ दिवस), फुलोऱ्याची (६० ते ६५ दिवस) व दाणे भरण्याची (८० ते ८५ दिवस) या अवस्थांत पाणी द्यावे. पाणी अपुरे असून दोनच पाळ्या शक्य असल्यास त्या २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी द्याव्यात. पेरणीनंतर ५५ व ७० दिवसांनी १९:१९:१९ या विद्राव्य खताची २ टक्के फवारणी करावी. तांबेऱ्याची लक्षणे दिसताच शिफारशीतील बुरशीनाशक फवारावे.

कालवाचक शब्दांचे चार प्रकार

परिच्छेदातील प्रत्येक 'केव्हा' अधोरेखित केल्यास असे दिसते की, ते सर्व एका जातीचे नाहीत.

पहिला प्रकार *पंचांगाधारित* आहे. 'नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात' याचा अर्थ १ ते १५ नोव्हेंबर. ही मर्यादा आहे, नेमकी तारीख नाही. दुसरा प्रकार *पेरणीसापेक्ष* आहे. '५५ दिवसांनी' हा प्रयोग पेरणीची तारीख कळेपर्यंत अपुरा राहतो. अवस्थांपुढे कंसात दिलेले दिवसही पेरणीपासूनचेच आहेत. 'पेरणीनंतर' हा शब्द तिथे अध्याहृत आहे आणि तो वाचकाने भरून घ्यायचा आहे.

तिसरा प्रकार *क्रियासापेक्ष* आहे. 'पहिल्या पाण्याच्या वेळी' यात दिवस सांगितलेलाच नाही. खताचा हा दुसरा हप्ता पाण्याला बांधलेला आहे. पाणी पुढे गेले की तोही पुढे जातो. चौथा प्रकार *लक्षणसापेक्ष* आहे. 'दिसताच', 'वाफसा आल्यावर' या प्रयोगांना आगाऊ तारीख देता येत नाही. जमिनीतील जादा पाणी निचरून गेल्यावर, ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याच्या स्थितीला वाफसा म्हणतात. तो किती दिवसांनी येईल हे जमिनीच्या पोतावर व हवेवर अवलंबून असते.

रूपांतरातील बहुतेक चुका या चार प्रकारांची सरमिसळ केल्याने होतात.

तारखा काढण्याची रीत

समजा, एका शेतकऱ्याने एक एकर गहू १० नोव्हेंबरला पेरला. 'नंतर' या शब्दामुळे पेरणीचा दिवस मोजणीत येत नाही. तो शून्य दिवस. ११ नोव्हेंबर हा पहिला दिवस ठरतो.

मोजणीसाठी चालू महिन्यातील उरलेले दिवस आधी वजा करावेत. नोव्हेंबरचे २० दिवस उरतात. २१व्या दिवसासाठी २१ मधून २० वजा केले की १ उरतो, म्हणून १ डिसेंबर. ६५व्या दिवसासाठी ६५ मधून २० गेले, ४५ उरले. डिसेंबरचे ३१ गेले, १४ उरले, म्हणून १४ जानेवारी. प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरल्यास डिसेंबर ओलांडताना एका दिवसाची चूक होते.

परिमाणे काढण्याची रीत

'हेक्टरी' हा शब्द लहान असला, तरी तो निसटला तर मोठे नुकसान होते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी आकडा एका एकरावर वापरला, तर खत अडीचपट पडते. नत्र जास्त झालेला गहू माजतो आणि ओंबीच्या भाराने लोळतो. म्हणून आकड्यांना अडीचने भागावे. एकरी बियाणे ४० किलो, नत्र ४८ किलो, स्फुरद २४ किलो आणि पालाश १६ किलो येते.

दुसरी दक्षता अशी की, नत्र म्हणजे युरिया नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असते. नत्राचा अर्धा हप्ता २४ किलोचा आहे. त्यासाठी २४ भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ५२ किलो युरिया लागतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असल्याने ते १५० किलो, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असल्याने ते सुमारे २७ किलो घ्यावे लागते. 'उरलेले नत्र' या शब्दांच्या जागी वेळापत्रकात 'युरिया ५२ किलो' असेच लिहावे. परिच्छेदात मागचे वाक्य शेजारी असते, म्हणून 'उरलेले' कळते. तक्त्यातील प्रत्येक ओळ मात्र एकटी वाचली जाते.

त्याच न्यायाने '२ टक्के' याचे १०० लिटर पाण्यात २ किलो, म्हणजे १५ लिटरच्या पंपास ३०० ग्रॅम, असे रूपांतर करावे.

तयार वेळापत्रक

(क्षेत्र १ एकर, पेरणी १० नोव्हेंबर, पाणी पुरेसे)

| टप्पा | दिवस | तारीख | काम |
|---|---|---|---|
| पेरणीपूर्व | – | वाफशानुसार | शेत ओलवणे |
| पेरणी | ० | १० नोव्हेंबर | बियाणे ४० किलो. युरिया ५२, सुपर फॉस्फेट १५०, पोटॅश २७ किलो |
| खुरपणी | पहिल्या पाण्याआधी | ३० नोव्हेंबरपर्यंत | तण काढणे |
| मुकुटमुळे | १८–२१ | २८ नोव्हेंबर – १ डिसेंबर | युरिया ५२ किलो देऊन पहिले पाणी |
| कांडी धरणे | ४०–४५ | २०–२५ डिसेंबर | दुसरे पाणी |
| पहिली फवारणी | ५५ | ४ जानेवारी | १९:१९:१९, पंपास ३०० ग्रॅम |
| फुलोरा | ६०–६५ | ९–१४ जानेवारी | तिसरे पाणी |
| दुसरी फवारणी | ७० | १९ जानेवारी | १९:१९:१९, पंपास ३०० ग्रॅम |
| दाणे भरणे | ८०–८५ | २९ जानेवारी – ३ फेब्रुवारी | चौथे पाणी |

*तक्त्याखालील सूचना :* तांबेऱ्याची लक्षणे (पानांवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या, बोटाला लागणारी भुकटी) कोणत्याही दिवशी दिसल्यास शिफारशीतील बुरशीनाशक फवारावे.

या तक्त्यातील तीन निर्णय लक्षात घ्या. पहिला, फवारण्या खताखाली न लिहिता पाण्याच्या पाळ्यांच्या मध्ये, कालक्रमाने आल्या आहेत. दुसरा, 'खुरपणी करून' या पूर्वकालवाचक धातुसाधिताने कामांचा क्रम सांगितला आहे. त्यातील '-ऊन' प्रत्ययाचा अर्थ आधी खुरपणी, मग खत व पाणी, असा आहे. क्रम उलटला तर तणही खत खाते आणि ओल्या रानात वाफसा येईपर्यंत खुरपणी खोळंबते. तिसरा, तांबेऱ्याच्या सूचनेला तारीख दिलेली नाही. तिला एखादी तारीख चिकटवली, तर रोग नसताना खर्च होईल किंवा रोग आधीच पसरलेला असेल.

कमी पाण्याचा पर्याय

'दोनच पाळ्या शक्य असल्यास' हे संकेतार्थी वाक्य आहे. ते मुख्य विधानाची जागा घेते, त्यात भर घालत नाही. नवशिके लेखक या दोन पाळ्याही वरच्या तक्त्यात घालतात आणि चाराच्या सहा पाळ्या होतात. त्यासाठी स्वतंत्र तक्ता करावा : पहिले पाणी ३० नोव्हेंबर ते २ डिसेंबर, दुसरे ९ ते १४ जानेवारी. पहिल्या पाळीचे दिवसही मुख्य तक्त्यापेक्षा थोडे वेगळे आहेत; म्हणून जुनी ओळ तशीच उतरवू नये.

वेळापत्रक बिघडले तर

समजा, कालव्याचे आवर्तन लांबले आणि पहिले पाणी १ ऐवजी ५ डिसेंबरला मिळाले. आता कोणत्या तारखा बदलतील? शब्दांचे प्रकार इथे उपयोगी पडतात. युरियाचा हप्ता क्रियासापेक्ष आहे, म्हणून तो ५ डिसेंबरला जाईल. दुसरे पाणी पेरणीसापेक्ष आहे. ते २० ते २५ डिसेंबरलाच राहील. सगळ्याच तारखा चार दिवसांनी पुढे ढकलणे ही चूक आहे, कारण पिकाची वाढ पेरणीपासून चालू असते, पाण्याच्या पाळीची ती वाट पाहत नाही. उशिराने झालेले नुकसान मात्र भरून येत नाही. मुकुटमुळे फुटताना ताण पडल्यास फुटवे कमी राहतात.

पेरणीच २५ नोव्हेंबरला झाली, तर प्रश्न वेगळा आहे. परिच्छेदाचा पहिला शब्दसमूह 'बागायती गव्हाची वेळेवर पेरणी' हा आहे. उशिरा पेरणीसाठी बियाणे व खतांच्या शिफारशी निराळ्या असतात. अशा वेळी तारखा सरकवून भागत नाही. उशिरा पेरणीचा सल्ला मिळवूनच नवा तक्ता करावा लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पेरणी १४ नोव्हेंबरला झाली असल्यास २१वा दिवस, फुलोऱ्याच्या पाण्याचा कालावधी आणि दोन्ही फवारण्यांच्या तारखा काढा.

२. 'वाफसा आल्यावर', 'पहिल्या पाण्याच्या वेळी' व '५५ दिवसांनी' या प्रयोगांचे प्रकार सांगा.

३. दोन एकरांसाठी पेरणीच्या वेळी किती युरिया लागेल?

उत्तरे : १. ५ डिसेंबर, १३ ते १८ जानेवारी, ८ व २३ जानेवारी. २. लक्षणसापेक्ष, क्रियासापेक्ष, पेरणीसापेक्ष. ३. सुमारे १०४ किलो.

क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखाद्या पिकाविषयीचा छापील सल्ला मिळवा व त्याचे वेळापत्रक तयार करा. ते पूर्ण झाल्यावर मूळ परिच्छेद झाकून फक्त तक्ता एखाद्या शेतकऱ्यास वाचून दाखवा. त्यांना जिथे 'म्हणजे किती?' किंवा 'कशापासून?' असे विचारावे लागेल, तिथे आपले रूपांतर अपुरे राहिले आहे असे समजा आणि ती ओळ पुन्हा लिहा.