टी-शर्टचा गळा लाटांसारखा का होतो?

बहुतेक वेळा पट्टी लांब पडलेली असते, किंवा शिवताना गळाच ताणला जातो. कॉटन-लायक्रात माझं गणित असं: गळ्याचा घेर 60 सेंमी, तर पट्टी त्याच्या 85 टक्के, म्हणजे 51, अधिक जोडासाठी 1 सेंमी. रुंदी 4 सेंमी. पट्टी त्याच कापडाची, पण कापड जास्त ताणतं त्या दिशेने कापलेली. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावा. बॉलपॉइंट सुई, बारीक झिगझॅग. ताणायची फक्त पट्टी, गळा मुळीच नाही! मग पट्टी कडेवरून आत वळवून वरून टीप मारा; आतली कड दुमडू नका, होजिअरी उसवत नाही. गळ्याला चुण्या पडल्या तर पट्टी आखूड झाली. कमी ताणणाऱ्या कापडाला 90 टक्के घ्या.