कंपनी कॅनडाची, पैसा बेल्जियमचा, जप्ती स्पेनची

९ फेब्रुवारी १९४८ रोजी स्पेनमधल्या रेऊस या शहरात तीन स्पॅनिश रोखेधारक न्यायालयात गेले. नुकत्याच विकत घेतलेल्या पौंडी रोख्यांवरचं व्याज थकलं आहे, तेव्हा ते रोखे काढणाऱ्या ‘बार्सिलोना ट्रॅक्शन’ या कंपनीला दिवाळखोर ठरवावं, असा त्यांचा अर्ज होता. तीन दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, न्यायाधीशांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि मालमत्तेच्या जप्तीचा आदेशही दिला. कॅटलोनियाचा मोठा भाग ज्या कंपन्यांच्या विजेवर चालत होता, त्यांची मालक ही कंपनी होती.

व्याज का थकलं, तेही पाहिलं पाहिजे. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि व्याज देणं थांबलं. युद्ध संपल्यावर कंपनी पैसे द्यायला तयार होती. पण पौंडांत व्याज चुकवायचं तर परकीय चलन बाहेर पाठवावं लागणार, आणि त्याला स्पॅनिश अधिकारी परवानगी देईनात. एका हाताने पैसे अडवायचे आणि दुसऱ्या हाताने ते न दिल्याबद्दल दिवाळखोरी लादायची, अशी ही स्थिती होती. कंपनीला न्यायालयाची नोटीसही मिळाली नाही. निकालाला हरकत घेण्याची आठ दिवसांची मुदत ती काही करण्याआधीच उलटून गेली. जुने संचालक गेले, नवे नेमले गेले. उपकंपन्यांचे परदेशात ठेवलेले शेअर रद्द करून नवे काढण्यात आले, आणि १९५२ साली लिलावात ते ‘फेक्सा’ या नव्या स्पॅनिश कंपनीने घेतले.

नुकसान कोणाचं झालं? बार्सिलोना ट्रॅक्शनची नोंदणी १९११ साली कॅनडातल्या टोरोंटोत झाली होती. तिचे शेअर मात्र पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणात बेल्जियन लोकांच्या हाती गेले होते, असं बेल्जियमचं म्हणणं होतं. म्हणजे कंपनी कॅनडाची, काम स्पेनमध्ये आणि बुडालेला पैसा बेल्जियमचा.

परदेशात एखाद्या माणसावर तिथल्या सरकारने अन्याय केला, तर त्याने आधी तिथल्याच न्यायालयांचे दरवाजे ठोठवायचे. तिथे दाद मिळाली नाही तर त्याचं स्वतःचं सरकार त्याच्या वतीने तो प्रश्न हाती घेऊ शकतं. यालाच राजनैतिक संरक्षण म्हणतात. त्यासाठी तो माणूस त्या देशाचा नागरिक असावा लागतो, आणि तोही अन्याय झाला तेव्हा आणि दावा मांडला गेला तेव्हा, अशा दोन्ही वेळी. १९२४ साली माव्रोमातिस खटल्यात त्यावेळच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने यामागचा विचार मांडला: नागरिकाची बाजू घेताना राष्ट्र आपलाच हक्क बजावत असतं. म्हणून दावा करायचा की नाही, मधेच सोडून द्यायचा की तडजोड करायची, हे सरकार ठरवतं. ज्याचं नुकसान झालं, त्याला सरकारवर सक्ती करता येत नाही.

कंपनीलाही असंच राष्ट्रीयत्व असतं आणि ते सामान्यतः नोंदणीच्या देशाचं मानलं जातं. पैसा कोणाचा, हे त्यासाठी पाहिलं जात नाही.

कॅनडाने काही वर्षं स्पेनकडे निषेध नोंदवले, पण १९५५ नंतर तो गप्प झाला. बेल्जियम मात्र हटला नाही. १९५८ साली तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, वाटाघाटींसाठी १९६१ मध्ये दावा मागे घेतला आणि १९६२ साली पुन्हा दाखल केला. ५ फेब्रुवारी १९७० रोजी निकाल लागला. पंधरा विरुद्ध एक मताने बेल्जियमचा दावा फेटाळला गेला. स्पेनने अन्याय केला की नाही, या प्रश्नापर्यंत न्यायालय पोहोचलंच नाही. बेल्जियमला हा दावा करण्याचा अधिकारच नाही, एवढ्यावर प्रकरण संपलं.

न्यायालयाचं कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला परकं वाटणार नाही. साखर कारखान्याच्या गोदामावर चुकीची जप्ती आली तर दाद मागायला कारखाना जातो, प्रत्येक सभासद वेगळा जात नाही. शेअरची किंमत घसरणं म्हणजे भागधारकाच्या हिताला धक्का. त्याचा हक्क मात्र त्यामुळे मोडत नाही. जाहीर झालेला लाभांश, सभेत हजर राहून मत देणं, कंपनी गुंडाळल्यावर उरलेल्या मालमत्तेतला वाटा, हे त्याचे स्वतःचे हक्क. त्यांवर घाला आला तर त्याचा देश उभा राहू शकतो. बेल्जियमने असा दावा केलाच नव्हता. न्यायालयाला आणखी एक भीती होती. शेअर रोज हात बदलतात. प्रत्येक भागधारकाच्या देशाला दाव्याचा अधिकार दिला तर एकाच कंपनीसाठी दहा देश भांडतील आणि व्यवहारात गोंधळ माजेल.

ही भीती रास्त होती. पण तिची किंमत ज्यांचे पैसे गेले त्यांनी मोजली, हेही खरं. कंपनी अस्तित्वातच उरली नसती तर अपवाद करता आला असता, असं न्यायालय म्हणालं. बार्सिलोना ट्रॅक्शन आर्थिकदृष्ट्या लुळी पडली होती, पण कॅनडाच्या कागदांवर जिवंत होती. कॅनडाला दाव्याचा अधिकार होता. त्याने तो वापरला नाही, म्हणून तो बेल्जियमकडे जात नाही.

कंपनी ज्या देशात नोंदलेली, त्याच देशाने तिला लुटलं तर? अहमदू सादियो डियालो या गिनीच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाच पेच होता. काँगोत त्याच्या दोन कंपन्या होत्या आणि दोन्ही काँगोच्या कायद्याखाली नोंदलेल्या. येणी वसूल करायला तो तिथल्या सरकारच्या आणि तेल कंपन्यांच्या मागे लागला होता. त्याला अटक झाली आणि ३१ जानेवारी १९९६ रोजी देशाबाहेर काढण्यात आलं. गिनीने त्याची बाजू घेतली. कंपन्यांच्या वतीने गिनीला दावा करता येणार नाही, असं न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं. २०१० मध्ये त्याची अटक आणि हकालपट्टी बेकायदा ठरली. भरपाईच्या टप्प्यात गिनीने १ कोटी १५ लाख डॉलरहून अधिक मागितले होते. २०१२ साली मिळाले ९५ हजार. कंपन्यांच्या घसरलेल्या मूल्याचा भाग न्यायालयाने विचारातच घेतला नाही. डियालोचं खरं भांडण ज्या पैशाचं होतं, तोच हिशेबाबाहेर राहिला.

म्हणून परदेशी गुंतवणूकदार आता आपल्या सरकारच्या मर्जीवर विसंबत नाहीत. दोन देशांमधल्या गुंतवणूक करारांत शेअर हीच ‘गुंतवणूक’ म्हणून नोंदलेली असते आणि भागधारक थेट लवादाकडे जाऊ शकतो. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प आठवावा. दाभोळ पॉवर कंपनी भारतात नोंदलेली होती. तिच्यामागे एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्या होत्या. २००१ साली राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. १९७० चा नियम लावला तर त्या अमेरिकी भागधारकांच्या बुडालेल्या पैशासाठी अमेरिकेला राजनैतिक संरक्षणाचा दावा करणं अवघड होतं, कारण कंपनी भारतीय होती. पण शेअर मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपन्यांमार्फत घेतलेले होते आणि भारत-मॉरिशस करार हाताशी होता. त्याआधारे लवादाकडे दावे गेले. पुढे २००५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्याशी तडजोड झाली.

२०१६ साली भारताने अशा करारांचा नवा नमुना स्वीकारला. ज्या देशाच्या नावाने दावा करायचा, तिथे कंपनीचा भरीव व्यवसाय असलाच पाहिजे, अशी अट त्यात आहे.