आरंभाचा पुरावा

धर्म व विज्ञान यांचे नाते विरोधाचे, पृथक्तेचे की समन्वयाचे, या प्रश्नाचा विचार जॉर्ज लमेत्र यांच्या उदाहरणावरून करणे सोयीचे आहे. हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू आणि गणितज्ञ. विश्व प्रसरण पावत असल्याचे त्यांनी १९२७ मध्ये मांडले. एका आद्य अणूपासून त्याचा आरंभ झाला असावा, असे १९३१ मध्ये सुचविले. धर्मगुरूच्या मुखातील ‘आरंभ’ ऐकून काही शास्त्रज्ञांना त्यात बायबलचा वास आला. विरोधवाद्यांची चूक येथेच आहे. सिद्धांत समीकरणांवर आणि दूरच्या दीर्घिकांच्या वेगांवर उभा होता, कर्त्याच्या झग्यावर नव्हे.

उलट, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचा दुजोरा दिसला. हा समन्वय खुद्द लमेत्रांनाच रुचला नाही. आद्य अणूपूर्वीची अवस्था उद्या सापडली, तर श्रद्धेने आपला शब्द मागे घ्यावयाचा काय? पुढील वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपांनी त्या दाव्याचा पुनरुच्चार केला नाही.

म्हणून मला पृथक्ता अधिक ग्राह्य वाटते. मात्र तिलाही मर्यादा आहे : बायबल विश्वाचे वय सांगते, असे मानणाऱ्याला ती मान्य होणार नाही, आणि त्याच्याशी विरोध टळणारही नाही.