फटीतून दिसणारी उसळी

झोएट्रोप म्हणजे वरून उघडे आणि मधल्या आसाभोवती फिरणारे नळकांडे. त्याच्या भिंतीला उभ्या फटी असतात आणि आत चित्रांची पट्टी. ते फिरवून बाहेरून फटींमधून समोरच्या भिंतीकडे पाहिले की चित्रे हलू लागतात. इंग्लंडमधील गणिती विल्यम जॉर्ज हॉर्नर याने १८३४ मध्ये या साधनाचे वर्णन केले. कार्डशीट, कात्री आणि गोंद एवढ्या सामानात मुलांना ते मोठ्यांच्या मदतीने करता येते.

काळी कार्डशीट ६१ सेंमी लांब आणि १३ सेंमी रुंद कापावी. टोकाचा एक सेंमी चिकटवण्यासाठी सोडून उरलेल्या ६० सेंमीवर दर ५ सेंमीला एक याप्रमाणे १२ फटी आखाव्यात. प्रत्येक फट ५ सेंमी उंच, ४ मिमी रुंद आणि वरच्या काठापासून दीड सेंमी खाली असावी. फटी कटरने मोठ्यांनीच कापाव्यात आणि मग पट्टी गोल करून चिकटवावी. तळासाठी साधारण ९.५ सेंमी त्रिज्येचा जाड पुठ्ठा घ्यावा. त्याच्या बरोबर मध्यातून टाचणी घालून, खाली एक मणी ओवून, ती पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात रोवली की आस तयार होतो. भोक मध्यापासून सरकले तर नळकांडे हेलकावे खाते आणि चित्रेही त्याबरोबर डुलतात.

चित्रांसाठी ६० सेंमी लांब, ६ सेंमी उंच पांढरी पट्टी घेऊन तिचे १२ समान भाग करावेत. पहिल्या प्रयोगासाठी उसळणारा चेंडू चांगला, कारण त्यात चित्रकलेपेक्षा मोजमापाचे काम जास्त आहे. तळाशी जमिनीची रेघ आखून चेंडूची खालची कड तिच्यापासून क्रमाने ०, ११, २०, २७, ३२, ३५, ३६, ३५, ३२, २७, २० आणि ११ मिलिमीटरवर काढावी. बारावे चित्र संपले की पुन्हा पहिले येते, त्यामुळे उसळी कुठे तुटत नाही. माथ्यावरून खाली येताना चेंडू आधी १, मग ३, ५, ७, ९ आणि ११ मिमी उतरतो, कारण पडणारी वस्तू प्रत्येक समान वेळात आधीपेक्षा जास्त अंतर कापते. मुलांनी शेजारीच सगळीकडे ६ मिमी अंतर ठेवलेली दुसरी पट्टी करून पाहावी. तिच्यातला चेंडू दोरीने वर-खाली ओढल्यासारखा वाटतो.

पट्टी न चिकटवता फटींच्या खाली आत बसवावी आणि नळकांडे सेकंदाला साधारण एक फेरी होईल असे फिरवावे. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे डोळ्यांसमोरून जातात. आधी वरच्या काठावरून आत पाहावे. तिथे चेंडू दिसत नाही, नुसता करडा पट्टा दिसतो, कारण चित्र न थांबता सरकत असते आणि डोळ्यात फराटा उमटतो. मग फटींच्या उंचीवर डोळा आणावा. आता प्रत्येक चित्र क्षणभरच दिसते आणि लगेच काळी भिंत आड येते. सरकायला वेळच न मिळाल्याने ते स्थिर वाटते. पुढच्या फटीतून त्याच जागी पुढचे चित्र येते.

एवढ्याने गती का दिसते, याचे जुने उत्तर असे की प्रतिमा डोळ्यात थोडा वेळ रेंगाळते. पण केवळ तसे असते, तर बाराही चेंडू एकमेकांवर चढलेले दिसले असते. जवळजवळच्या जागी लागोपाठ आलेल्या दोन प्रतिमा ही एकच सरकलेली वस्तू आहे, असा अर्थ मेंदू लावतो. वेग कमी केला की हा दुवा तुटतो आणि सुटी चित्रे दिसू लागतात.

फ्लिपबुकमध्ये फटी लागत नाहीत. तिथे प्रत्येक पान अंगठ्याखालून सुटल्यावर क्षणभर स्थिरच राहते, आणि पान पलटण्याचा वेळ काळ्या भिंतीचे काम करतो.

चित्र धूसर असेल तर फटी रुंद आहेत. स्पष्ट पण अंधारे असेल तर फटी फार अरुंद आहेत किंवा आत पुरेसा उजेड नाही. दिवा वरून नळकांड्यात पडेल असा ठेवावा. चेंडू उभट अंड्यासारखा दिसला तर चित्रात दोष नसतो. जवळची फट आणि समोरचे चित्र विरुद्ध दिशांना सरकतात, त्यामुळे चित्र आडवे आकुंचन पावते. त्यासाठी चेंडू मुळातच थोडा रुंद काढावा.

शेवटी त्याच लांबीच्या पट्टीवर १२ ऐवजी १३ एकसारखे चेंडू, एकाच उंचीवर काढावेत. प्रत्येक फटीगणिक चित्रे जरा पुढच्या जागी येतात, म्हणून चेंडूंची रांग समोरची भिंत फिरते त्या दिशेने चालू लागते आणि एका फेरीत एका चेंडूएवढी पुढे जाते. ११ चेंडू काढले तर रांग उलट चालते, आणि बरोबर १२ काढले तर नळकांडे फिरत असूनही चेंडू जागच्या जागी उभे राहतात.