दहा पानं, तीन निकष

युरोपियन युनियनच्या मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी भारतातूनही दरवर्षी अर्ज जातात. अर्जाचा कणा म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव. २०२१ ते २०२५ या वर्षांतल्या फेऱ्यांत त्याला दहा पानांची मर्यादा होती. अकरावं पान जोडलं तरी ते परीक्षकांना दाखवलंच जात नाही. या दहा पानांना गुण मिळतात तीन निकषांवर: संशोधनाचा दर्जा, परिणाम आणि अंमलबजावणी. प्रत्येकाला पाचपैकी गुण, पण वजन वेगवेगळं, अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के. म्हणजे दर्जात एक गुण गेला की शंभरातले दहा जातात, परिणामात सहा आणि अंमलबजावणीत चार.

परीक्षकाचा फॉर्मही याच क्रमाने असतो. प्रत्येक उपनिकषापुढे जमेच्या आणि उणिवेच्या बाजू लिहायच्या, मग गुण. प्रस्तावाच्या साच्यातले मथळेही तेच. तरीही अडचण येते, कारण फार थोडे जण कोऱ्या पानावर लिहायला बसतात. बहुतेकांकडे आधीचा एखादा प्रस्ताव असतो आणि त्याची मांडणी पीएचडीच्या सिनॉप्सिसची असते: प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, पद्धती, वेळापत्रक, अपेक्षित निष्कर्ष.

समजा, पुण्यातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचा असाच एक प्रस्ताव आहे. विषय सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या, पार वाळून गेल्यावरही पावसात पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पतींचा. पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची नोंद आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२३ साली प्रसिद्ध केली होती. बाईंना त्यांतल्या काहींचा पेशींच्या पातळीवर अभ्यास करायचाय, जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत.

अशा वेळी कॉपी-पेस्ट करण्याआधी जुना मसुदा छापून घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात उपनिकषाचा क्रमांक टाकावा. १.१ म्हणजे उद्दिष्टं आणि नावीन्य, १.२ पद्धती, १.३ मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि ज्ञानाची देवाणघेवाण, १.४ संशोधकाचा अनुभव. असं करत ३.२, म्हणजे यजमान संस्थेच्या क्षमतेपर्यंत यायचं. बाईंच्या मसुद्यात पहिली तीन पानं आढाव्याची निघतात आणि त्यांना कुठलाच क्रमांक नीट बसत नाही. उद्दिष्टं चौथ्या पानाच्या तळाशी सापडतात. प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकं पद्धतीच्या परिच्छेदात दडलेली, वेळापत्रक एका ओळीत. आणि १.३ व २.१ समोर काहीच नाही!

खरं काम इथे सुरू होतं. आढाव्यातून आजवर काय कळलेलं नाही एवढंच सांगणारा अर्ध्या पानाचा मजकूर उरतो आणि तो उद्दिष्टांना टेकू म्हणून १.१ मध्ये जातो. सूक्ष्मदर्शकांची यादी ३.२ कडे सरकते. पद्धतीत फक्त त्यांनी काय मोजणार ते राहतं. रिकाम्या १.३ साठी मात्र नवा विचारच करावा लागतो. मार्गदर्शक शिकवतील हे लिहायचंच, पण देवाणघेवाण दुहेरी हवी. बाई प्रयोगशाळेला काय देणार? सड्यावर कोणती जात कोणत्या महिन्यात कशी ओळखायची, नमुना जिवंत कसा ठेवायचा, हे त्या गटाला ठाऊक नाही. जुन्या मसुद्यात ही गोष्ट कुठेच नव्हती, कारण तिथे तिच्यासाठी जागाच नव्हती.

२.१ विचारतो की या फेलोशिपने संशोधकाच्या पुढच्या कारकिर्दीला काय मिळणार. इथे 'अनुभव वाढेल' छापाचं वाक्य हमखास येतं, आणि उणिवांच्या रकान्यात 'पुरेसं विशिष्ट नाही' हा शेराही. कोणतं तंत्र हाती येईल आणि त्यावर परत आल्यावर कोणतं काम उभं करता येईल, हे सांगावं लागतं.

आणखी एक खाच १.२ मध्ये आहे. तिथला लिंगभावाचा मुद्दा संशोधनाच्या आशयाबद्दल असतो. अनेक जण गटात किती स्त्रिया आहेत ते लिहून मोकळे होतात. वनस्पतींच्या पेशींच्या अभ्यासात तो लागू होत नसेल, तर तसं कारणासह एका वाक्यात सांगितलेलं पुरतं.

पानांची वाटणी वजनाच्या जवळपास, म्हणजे पाच-तीन-दोन, ठेवण्याची पद्धत आहे. तसा नियम मात्र नाही. फेरमांडणीनंतर जोडकामाच्या खुणाही पुसाव्या लागतात: 'वर म्हटल्याप्रमाणे' म्हटलेलं आता खाली गेलेलं असतं, संक्षेपाची फोड त्याच्या पहिल्या वापरानंतर दोन पानांनी येते. त्यासाठी विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती फक्त निकषांची यादी आणि प्रस्ताव द्यावा. प्रत्येक उपनिकषाचं उत्तर कोणत्या पानावर आहे, एवढंच त्याने शोधायचं. त्याला दोनदा पानं चाळावी लागली, तर तो भाग अजून चुकीच्या जागी आहे.

कल्पनाच जुनी असेल, तर १.१ खालची वाक्यं कितीही नेटकी लावली तरी दर्जाचे गुण वाढत नाहीत. उलट आढाव्याची तीन पानं निघून गेल्यावर तो जुनेपणा पहिल्याच पानावर दिसतो. बाईंच्या प्रस्तावात तीन उद्दिष्टांपैकी एक असंच उघडं पडतं आणि अर्ज पाठवण्याआधी ते गळतं.