‘कमी श्वास’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ

श्वास कमी घेतल्याने आयुष्य वाढते, हा विचार अमरावती-अकोल्याकडे परका नाही. अहोरात्रीचे श्वास २१,६०० ही परंपरागत गणना अनेकांना पाठ असते; मिनिटाला तो हिशेब १५ पडतो. श्वास मोजून मिळालेले, तेव्हा ते जपून खर्चावे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष. या जुन्या समजुतीला पुढे शास्त्रीय परिभाषेची जोड मिळाली. सोव्हिएत वैद्य कॉन्स्तान्तिन बुतेयको यांनी १९५० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की, मनुष्य गरजेहून अधिक श्वास घेतो, त्यामुळे शरीरातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि दम्यासारख्या अनेक विकारांचे मूळ यातच आहे.

या मताचा पाया अगदीच पोकळ नाही. कार्बन डायऑक्साइड हा निव्वळ टाकाऊ वायू नव्हे. रक्तात तो फार घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडीत नाही, भोवळ येते, बोटांना मुंग्या येतात. भीतीने धापा टाकणाऱ्या माणसाला श्वास आवरावयास सांगणे म्हणूनच योग्य ठरते. प्रश्न आहे तो निरोगी माणसाचा, किंवा दमेकऱ्याचा.

येथे ‘कमी’ या विशेषणाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. श्वासांची संख्या कमी, की आत जाणारी हवा कमी? विश्रांत अवस्थेत एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. तिच्यातील १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते. वायुकोशांपर्यंत ३५० पोचते. मिनिटाला १५ श्वास धरले तर एकूण हवा ७.५ लिटर, आणि वायुकोशांना मिळणारी ५.२५ लिटर. आता साधकाने संख्या ६ वर आणली आणि प्रत्येक श्वास १,०२५ मिलिलिटरचा केला असे समजू. एकूण हवा ६.१५ लिटरवर उतरली. परंतु प्रत्येक वेळी ८७५ मिलिलिटर वायुकोशांत पोचल्याने तेथील बेरीज पुन्हा ५.२५ लिटरच! रक्तातील कार्बन डायऑक्साइड या शेवटच्या आकड्यावर अवलंबून असतो. म्हणजे श्वास निम्म्याहून कमी झाले, एकूण हवाही घटली, तरी तो वायू होता तेथेच राहिला.

तो खरोखर वाढवावयाचा तर वायुकोशांची हवाच तोडावी लागेल. ती ५.२५ वरून ४.२ लिटरवर आणली, तर रक्तातील त्याचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरवरून ५० वर जाईल. परंतु हे शरीर सुखासुखी चालू देत नाही. हॉल्डेन व प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखविले की, वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण शेकडा ०.२ इतके वाढले, तरी श्वसन दुप्पट होऊ पाहते. मनोनिग्रहाने हे थोडा वेळ दडपता येते. झोपेत निग्रह उरत नाही. आणि दाब दीर्घकाळ चढाच राहिला, तर मूत्रपिंडे क्षार राखून रक्ताची आम्लता पूर्ववत करतात. प्राणवायू सहज सुटण्याचा जो लाभ सांगितला जातो, तो त्यामुळे बहुतांशी ओसरतो.

प्राणायामाच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडेही तपासला गेला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि १९३० नंतरच्या वर्षांत ‘योगमीमांसे’तून वायुकोशांतील हवेचे पृथक्करण व प्राणवायूचे शोषण यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्राणायामाने नेहमीहून अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत त्यांनी नाकारली; प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले. स्वतः योगाचे पुरस्कर्ते असूनही त्यांनी वायूच्या मोजमापाला योगाच्या बाजूने वाकविले नाही, हे मला विशेष वाटते. ‘प्राण’ आणि ‘प्राणवायू’ या शब्दांच्या सारखेपणाने आपल्या भाषेत जो घोटाळा सहज होतो, तो त्यांनी होऊ दिला नाही.

बुतेयको पद्धतीची एक कसोटी ब्रिस्बेन येथे झाली व १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ३९ दमेकऱ्यांपैकी ही पद्धत शिकलेल्यांचे तात्पुरता आराम देणारे औषध बरेच कमी झाले, आणि मिनिटाला घेतली जाणारी हवाही घटली. मात्र उच्छ्वासाच्या अखेरच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये, तसेच फुप्फुसांच्या क्षमतेत, लक्षणीय फरक आढळला नाही. गुण आला असेल, पण ज्या कारणाने यावयाचा म्हणून सांगितले होते, त्या कारणाने नव्हे. शिकविणाऱ्याचा संपर्क या गटाशी अधिक होता, हेही विसरता येत नाही.

कारण चुकीचे मानल्याने धोका कोठे उत्पन्न होतो, हे दम्याच्या तीव्र झटक्यात दिसते. झटक्याच्या आरंभी रुग्ण वेगाने श्वास घेतो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड ४० च्या खाली उतरतो. पुढे स्नायू थकू लागले की तो पुन्हा ४० वर येतो, आणि मग वर चढतो. बुतेयको यांच्या दृष्टीने ही सुधारणा होय. वैद्याच्या दृष्टीने धाप लागलेल्या रुग्णाच्या रक्तात ४० हा ‘निरोगी’ आकडा दिसणे ही इस्पितळात तातडीने उपचार वाढविण्याची खूण आहे. अशा वेळी श्वास रोखून बसणे किंवा फवाऱ्याचे औषध टाळणे जिवावर बेतू शकते.